फिशर सुकवायचं नसतं, आतला स्नायू सैल करायचा असतो

“फिशर म्हणजे उष्णतेची मूळव्याध. आठ दिवस कोकम सरबत प्या, मासे-तिखट बंद करा, तुरटीच्या पाण्याने जखम सुकवा आणि दुखतंय तोवर शौचाला जायचं टाळा. आपोआप भरून येते.”

फिशर झालेल्याला असे सल्ले सर्रास मिळतात. शौच टाळायच्या शेवटच्या सल्ल्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. ट्रॉलरवरचा एखादा खलाशी घ्या. पाणी जपून प्यायचं आणि सोय नाही म्हणून दाबून धरायचं, असे चार-पाच दिवस जातात. बंदरावर आल्यावर कडक खडा होतो आणि गुदद्वाराच्या कडेला, बहुधा मागच्या बाजूला, उभी चीर पडते, तीच फिशर. त्या क्षणी काच कापल्यासारखं होतं. पण खरा त्रास नंतरचा असतो. चीर दुखली की आतला स्नायू आवळतो. तो आपल्या इच्छेने सैल होत नाही आणि कधीकधी तासन्‌तास तसाच राहतो. मागच्या बाजूला रक्तपुरवठा मुळातच कमी, त्यात आवळलेल्या स्नायूने तो आणखी दाबला जातो, म्हणून चीर भरत नाही. दुखेल या भीतीने माणूस पुन्हा दाबून धरतो, खडा आणखी कडक होतो आणि तीच चीर पुन्हा उकलते.

तुरटी या स्नायूपर्यंत पोचतच नाही, वरची कातडी तेवढी कोरडी करते आणि झोंबते. नुसत्या बधिर करणाऱ्या मलमानेही आवळ सुटत नाही. कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोन-तीनदा, विशेषतः शौचानंतर, दहा-पंधरा मिनिटं बसलं की स्नायू सैल पडतो.

चीर सहा-आठ आठवड्यांहून जुनी असेल तर डॉक्टर बहुधा स्नायू सैल करणारं दोन टक्के डिल्टियाझेमचं मलम देतात. वाटाण्याएवढं मलम दिवसातून दोनदा गुदद्वाराच्या कडेला आणि जेमतेम आत लावायचं, सहा ते आठ आठवडे. दुखणं त्याच्या आधीच कमी होतं, आणि बरेच जण तिथेच मलम सोडून फसतात. नायट्रोग्लिसरिनचं मलमही चालतं, पण त्याने डोकं दुखतं, आणि लैंगिक ताठरतेसाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेणाऱ्याने ते लावू नये, रक्तदाब धोकादायक उतरतो. मलमांनी न भरलेल्या चिरेसाठी बोटॉक्सचं इंजेक्शन किंवा स्नायूचा थोडा भाग कापायची छोटी शस्त्रक्रिया असते. शस्त्रक्रियेने नव्वद टक्क्यांहून जास्त जण बरे होतात, मात्र काहींचा वाऱ्यावरचा ताबा थोडा कमी होतो.

कोकम सरबत प्या की, तेवढंच पाणी पोटात जातं. मासे सोडायची गरज नाही. तिखटाने जळजळ वाढत असेल तर तेवढ्यापुरतं कमी करा. जेवणात नुसता भात-कालवण असेल तर कुळीथ, पालेभाजी आणि रात्री भरपूर पाण्यातून इसबगोल वाढवा.

जुन्या चिरेच्या टोकाशी कातडीचा कोंब येतो, त्यालाच लोक मूळव्याध समजतात. चीर बाजूला असेल, एकाहून जास्त असतील, पू किंवा ताप असेल, किंवा वजन घटत असेल, तर मात्र टबात बसून वाट पाहू नका, सर्जनला दाखवा.