हिशेब फुगवलेला नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

दुकानाच्या गिऱ्हाइकांना उत्तरं देणाऱ्या एआय मदत-विजेटला महिन्याला साडेअठरा डॉलर लागतात, असा हिशेब मी लेखात दिला होता. मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं त्यांना टोकन म्हणतात, आणि बिल टोकनांवर लागतं. त्या लेखावर ही प्रतिक्रिया आली:

«पाच प्रश्न, पाच उत्तरं म्हणजे १३०० टोकन. महिन्याला साडेसहा डॉलरसुद्धा होत नाहीत, तुम्ही साडेअठरा लावलेत. उगाच दुकानदारांना घाबरवू नका. रुपयांत आकडा नाही, कॅशिंगचा पत्ता नाही.»

रुपयांत आकडा द्यायला हवा होता, मान्य. आज देतो.

पण ‘घाबरवू नका’ हे कुणाला सांगताय? बेळगावच्या टिळकवाडीत डायल-अपची बिलं मिनिटा-मिनिटाने भरून मी कॅफे चालवलाय. गिऱ्हाइकाला खर्च आधी सांगायची सवय तिथलीच आहे. खडेबाजारातल्या कापड दुकानाचं मदत-विजेट मीच बसवलंय आणि त्याचं बिल दर महिन्याला पाहतो. तुम्ही एखादं तरी बिल उघडून पाहिलंय का?

तुमचे १३०० टोकन म्हणजे प्रश्नाचे ६० आणि उत्तराचे २००, गुणिले पाच. मॉडेलला मागचं काही आठवत नाही. त्यामुळे प्रत्येक प्रश्नासोबत दुकानाची माहिती आणि माल बदलून देण्याचे नियम सांगणारा १५०० टोकनांचा मजकूर आणि तोवरचं सगळं संभाषण पुन्हा पाठवावं लागतं. दर तारखेला अख्खी फाईल पहिल्या पानापासून वाचणाऱ्या वकिलासारखं हे आहे, आणि फी प्रत्येक वाचनाची.

म्हणून पहिल्या प्रश्नाला १५६० टोकन आत जातात, दुसऱ्याला १८२०, मग २०८०, २३४०, २६००. एका संभाषणाचे १०,४०० आत, १००० बाहेर. दिवसाला ४० संभाषणं, म्हणजे महिन्याला १२००. आत सुमारे १२५ लाख टोकन, बाहेर १२ लाख. लेखात दर दहा लाखांना आत १ डॉलर आणि बाहेर ५ डॉलर असा धरला होता. आतले साडेबारा, बाहेरचे सहा, मिळून साडेअठरा डॉलर. डॉलर नव्वद रुपयांचा धरला तर साडेसोळाशेच्या वर, कर वेगळा. बाहेरचे सहा डॉलर तुमच्याही हिशेबात आहेत. तुमचं चुकतं ते आतल्या बाजूला.

खात्री हवी असेल तर मॉडेलच्या एपीआयच्या प्रत्येक उत्तरासोबत `usage` ही टोकनांची मोजणी येते. एकाच संभाषणात त्यातला `input_tokens`, म्हणजे आत गेलेल्या टोकनांचा आकडा, चढत जाताना दिसेल. खर्च कमी करायचा तर नियमांचा मजकूर छाटा, जुने संवाद पाठवणं थांबवा. आणि आपल्याकडची गिऱ्हाइकं मराठीत, कन्नडात, निम्मं-निम्मं लिहितात. या लिप्यांना तेवढ्याच मजकुराला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात, म्हणून ६० आणि २०० हे आकडे इंग्रजी नमुन्यावरून काढू नका.

कॅशिंग म्हणजे पुन्हा पुन्हा जाणारा तोच मजकूर साठवून ठेवून स्वस्तात वापरणं. त्याला मजकुराची किमान लांबी लागते, आणि तो साठा सहसा काही मिनिटांतच जातो. दिवसाला चाळीस संभाषणांच्या दुकानासाठी मी त्यावर अंदाज बांधत नाही. विषय संपला.

साडेसहा डॉलरांत चालणारं पाच प्रश्नांचं विजेट तुमच्याकडे असेल, तर त्याच्या एका संभाषणाचे `usage` आकडे इथे टाका.