कालचा आकडा आज बदलला म्हणून माझ्यावर ओरडू नका

आज परत तेच. सकाळी लॅपटॉप उघडला नाही तोच मेसेज, "सोमवारच्या ऑर्डर काल 1240 दिसत होत्या, आज 1226 कशा? डेटा चुकलाय." चुकलाय नाही हो!! किती वेळा सांगू?

डॅशबोर्ड रोज सकाळी 6 ला आपोआप रिफ्रेश होतो आणि तेव्हा तो फक्त कालचा दिवस जोडत नाही, मागचे तीन दिवस पूर्ण पुसून परत मोजतो. क्वेरीत ही अट मुद्दाम टाकलीये:

```
WHERE order_date >= CURRENT_DATE - 3
```

कारण सोमवारचा सगळा डेटा मंगळवारी सकाळपर्यंत आलेलाच नसतो. कोणाच्या फोनला नेट नव्हतं, अ‍ॅपने ऑर्डर फोनमध्येच ठेवली आणि मंगळवारी दुपारी पाठवली, पण तिच्यावर तारीख सोमवारची, मग ती सोमवारातच जाणार ना? आणि कोणी सोमवारी केलेली ऑर्डर मंगळवारी कॅन्सल केली तर तीही सोमवारातूनच कमी होते, कारण आपण ऑर्डरच्या तारखेने मोजतो, कॅन्सल केल्याच्या तारखेने नाही. आणि हे मीटिंगमध्ये तुम्हीच ठरवलं होतं!

तरी मी सगळं सोडून दोन दिवसांच्या ऑर्डर नंबरच्या याद्या शेजारी शेजारी लावून बघितल्या. नवीन आलेल्या 31, गेलेल्या 45, आणि त्या 45 च्या 45 चं स्टेटस कॅन्सल. 1240 अधिक 31 वजा 45, 1226. एक ऑर्डर इकडची तिकडे नाही. दीड तास गेला माझा यात.

खरी चूक कशी असते ते पण सांगते. लोड दोनदा चालला तर एकच ऑर्डर नंबर दोनदा दिसतो. किंवा आठवड्यापूर्वीचा आकडा हलला, तर मला झोपेतून उठवा, कारण गुरुवारच्या रिफ्रेशनंतर सोमवारला कोणी हात लावत नाही. त्यानंतर कॅन्सल झालेली ऑर्डर आपल्या आकड्यात तशीच राहते, हा खरा दोष आहे आणि याबद्दल आजपर्यंत एकानेही विचारलं नाही, याचा जास्त राग येतो.

मंगळवारी सकाळी स्क्रीनशॉट काढायचा, प्रेझेंटेशनमध्ये चिकटवायचा आणि बुधवारी जुळत नाही म्हणून मला सगळ्यांसमोर उभं करायचं, हे बंद करा. मागचे तीन दिवस करड्या रंगात "तात्पुरता" म्हणून दाखवा आणि रोजच्या आकड्याची प्रत वेगळ्या टेबलमध्ये ठेवू द्या, म्हणजे काल काय दिसत होतं ते कोणालाही बघता येईल, हे मी तीन महिन्यांपासून मागतेय, दरवेळी उत्तर एकच, "त्याने लोक गोंधळतील". मग आत्ता काय चाललंय?