टॉलरन्स आणि सेरोटोनिनचा साठा: एका प्रतिक्रियेला उत्तर

सायलोसायबिन हे काही अळिंब्यांमधील भ्रमकारी द्रव्य लागोपाठ घेतले की त्याच मात्रेचा परिणाम घटतो, म्हणजे टॉलरन्स येतो, आणि त्याचे कारण पेशींवरील रिसेप्टर, म्हणजे सेरोटोनिनसारखे रासायनिक संदेश ओळखणारी प्रथिने, 'नाहीसे होणे' हे आहे, असे मी माझ्या लेखात लिहिले होते. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया आणि माझे उत्तर.

प्रतिक्रिया: "लेख वाचला, पण मुख्य मुद्दा पटला नाही. सायलोसायबिनमुळे मेंदूतले सेरोटोनिन खर्च होते आणि ते भरून यायला काही दिवस लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशी परिणाम होत नाही. एमडीएमए या नशेच्या द्रव्याबद्दल हेच सांगतात. रिसेप्टर 'नाहीसे होतात' हे आपले म्हणणे ओढूनताणून आणल्यासारखे वाटते. ते खरे असेल तर डीएमटी या दुसऱ्या भ्रमकारी द्रव्याला टॉलरन्स का येत नाही?"

नमस्कार. आधी माझी चूक मान्य करतो. 'नाहीसे होतात' हा शब्द मी ढिलाईने वापरला. प्रत्यक्षात जे घडते ते त्याहून गुंतागुंतीचे आहे आणि लेखात मी तशी दुरुस्ती करत आहे. मात्र सेरोटोनिन संपते हे स्पष्टीकरण मला स्वीकारता येत नाही. त्याची कारणे सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते, कारण एमडीएमएशी केलेली तुलनाच इथे दिशाभूल करते.

एमडीएमए सेरोटोनिन परत आत घेणाऱ्या वाहक प्रथिनाला उलटे चालवते आणि चेतापेशीत साठवलेले सेरोटोनिन बाहेर ओतते. तिथे साठा रिता होण्याची भाषा योग्य आहे. सायलोसायबिनची रीत वेगळी आहे. शरीरात त्याचा फॉस्फेट गट निघून जातो आणि उरलेले सायलोसिन सेरोटोनिनसारखीच ठेवण असल्यामुळे स्वतःच सेरोटोनिनच्या रिसेप्टरांना जाऊन चिकटते. त्यांपैकी ५-एचटी-२ए हा रिसेप्टर निर्णायक आहे, आणि तो मेंदूच्या बाह्यपटलातील पिरॅमिडल पेशींवर मोठ्या संख्येने असतो. १९९८ मध्ये झुरिच येथील फोलेनवायडर आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना आधी केटान्सेरिन हे या रिसेप्टरला अडवणारे औषध दिले, तेव्हा सायलोसायबिनचा मानसिक परिणाम रोखला गेला. परिणाम घडवण्यासाठी सायलोसिनला साठ्यातले सेरोटोनिन लागतच नाही, मग ते संपल्यामुळे परिणाम थांबावा कसा?

आता टॉलरन्सकडे येऊ. आपल्या शंकेला सर्वांत थेट उत्तर देणारा प्रयोग जुना आहे. अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये काही जणांना रोज एलएसडी आणि काहींना रोज सायलोसायबिन देऊन टॉलरन्स निर्माण केला व नंतर औषधांची अदलाबदल केली. (ते प्रयोग व्यसनमुक्तीसाठी ठेवलेल्या कैद्यांवर झाले होते; आज कोणतीही नैतिक समिती त्यांना परवानगी देणार नाही, हे सांगितल्याशिवाय त्या निष्कर्षांचा उल्लेख करणे मला बरे वाटत नाही.) एलएसडीला सरावलेल्यांना सायलोसायबिनचा परिणाम कमी जाणवला आणि सायलोसायबिनला सरावलेल्यांना एलएसडीचा.

या अदलाबदलीचा अर्थ नीट पाहावा. ही दोन्ही द्रव्ये शरीर वेगवेगळ्या मार्गांनी नष्ट करते. सायलोसिनला मुख्यतः ग्लुक्युरोनाइड जोडून ते बाहेर टाकले जाते, तर एलएसडीचे विघटन यकृतातील इतर विकर करतात. म्हणजे 'शरीर ते लवकर नष्ट करायला शिकले' हेही कारण नाही. सायलोसिनची रक्तातील पातळी साधारण दोन-तीन तासांत निम्मी होत असल्यामुळे, दुसऱ्या दिवशी आधीचे औषध शिल्लक राहून अडथळा करते असेही म्हणता येत नाही. दोघांना समान असलेली गोष्ट म्हणजे ५-एचटी-२ए, आणि बदल तिथेच शोधावा लागतो.

तो बदल दोन टप्प्यांत होतो. रिसेप्टर सक्रिय राहिला की पेशीतील विकर त्याच्या आतल्या भागाला फॉस्फेट जोडतात, त्यामुळे त्याच्या संदेशवहनाची साखळी सैल होते, आणि पुष्कळदा अरेस्टिन नावाची प्रथिने येऊन त्याला चिकटतात. त्यानंतर पेशीपटलाचा तो भाग आत ओढला जाऊन पुटिकेत, म्हणजे पेशीतील छोट्या पिशवीत, बंद होतो. तिथून रिसेप्टर पुन्हा पृष्ठभागावर येऊ शकतो किंवा मोडून टाकला जातो, आणि मोडला गेला तर नवा तयार होऊन जागेवर येईपर्यंत वेळ जातो. म्हणून 'संख्या घटते' यापेक्षा 'काम करणाऱ्यांची संख्या घटते' हे अधिक बरोबर आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील अभ्यासात पाच दिवस रोज एलएसडी दिल्यावर वर्तनातील प्रतिसाद मंदावला आणि बाह्यपटलाच्या पुढील भागात ५-एचटी-२एमार्फत होणारे संदेशवहनही घटलेले आढळले.

पण काही टक्के रिसेप्टर निष्क्रिय झाल्याने परिणाम इतका झपाट्याने का ओसरावा? मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून एक हिशोब मांडतो. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा पेशीवर १०० रिसेप्टर आहेत आणि ठळक अनुभव येण्यासाठी त्यांतील ६० सक्रिय व्हावे लागतात. पहिल्या दिवशी सायलोसिनने ७० टक्के व्यापले, म्हणजे ७० सक्रिय झाले आणि अनुभव आला. दुसऱ्या दिवशी कामाचे रिसेप्टर ७०च उरले. त्याच मात्रेने त्यांतील ७० टक्के, म्हणजे ४९ व्यापले जातील आणि उंबरठा ओलांडला जाणार नाही. मात्रा वाढवून ९० टक्के व्यापले तर ६३ मिळतात, म्हणजे कसाबसा उंबरठा गाठला जातो; आणि तोवर मात्रा दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट झालेली असते, कारण व्यापलेला वाटा मात्रेच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढत नाही. कामाचे रिसेप्टर ६०च्या खाली गेले, तर कितीही मात्रा पुरणार नाही. शिवाय ही द्रव्ये रिसेप्टरला सेरोटोनिनइतक्या पूर्ण जोराने चालवत नाहीत, ती आंशिक चालक आहेत. जे द्रव्य पूर्ण जोराने चालवते त्याला थोडे रिसेप्टर पुरतात आणि बाकीचे राखीव राहतात. आंशिक चालकाला तशी राखीव फळी नसते, म्हणून घट थेट अनुभवात दिसते. ७० टक्क्यांचा आकडा अगदीच हवेतला नाही. कोपनहेगन येथे २०१९ मध्ये झालेल्या मेंदू-प्रतिमांकनात सायलोसायबिनने ५-एचटी-२एचे ७२ टक्क्यांपर्यंत व्यापन केलेले दिसले आणि व्यापन जितके अधिक तितकी अनुभवाची तीव्रता अधिक होती.

आता डीएमटी. हा आक्षेप खरोखर चांगला आहे. न्यू मेक्सिको येथे रिक स्ट्रासमन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वयंसेवकांना अर्ध्या-अर्ध्या तासाने चार वेळा शिरेतून डीएमटी दिले, आणि चौथ्या वेळीही अनुभवाची तीव्रता कमी झाली नाही. परंतु त्याच व्यक्तींमध्ये काही संप्रेरकांचा आणि हृदयगतीचा प्रतिसाद मात्र दर वेळी घटत गेला. म्हणजे टॉलरन्स काही प्रमाणात आलाच होता, तो सर्व परिणामांना सारखा आला नाही, इतकेच. माझ्या मते यात रिसेप्टर किती काळ व्यापलेला राहतो याला मोठे महत्त्व आहे. शिरेतून दिलेले डीएमटी काही मिनिटांत ओसरते. याउलट एलएसडी दीर्घकाळ धरून राहते: २०१७ मध्ये ५-एचटी-२बी या जवळच्या रिसेप्टरमधील त्याची रचना उलगडली, तेव्हा रिसेप्टरचा एक भाग झाकणासारखा वर येऊन एलएसडीला आत अडकवून ठेवतो असे दिसले.

एक गोष्ट मात्र माझ्याच मांडणीला अडचणीची आहे, आणि ती लपवणे योग्य नाही. सक्रिय झाल्यामुळे रिसेप्टर मागे घेतले जातात, असा साधा नियम असता तर अडवणाऱ्या औषधांनी ते वाढायला हवे होते. परंतु मियान्सेरिन आणि क्लोझापिन ही ५-एचटी-२एला अडवणारी औषधे सतत दिल्यास प्राण्यांमध्ये हे रिसेप्टर कमीच होतात. हा रिसेप्टर 'जास्त चेतना मिळाली म्हणून कमी झालो' या ओळखीच्या हिशोबाने चालत नाही, आणि माझ्या लेखातील वाक्याने तोच हिशोब गृहीत धरला होता. ते वाक्य मी आज काढले आहे.