विसावा नको

आज सकाळी ट्रस्टच्या ग्रुपवर मेसेज आला. धर्मादाय हॉस्पिटलच्या नव्या कॅन्सर विंगला नाव द्यायचंय, चार पर्याय आहेत, आपलं मत कळवा. विसावा, शांतिधाम, संजीवनी आणि देणगीदारांच्या वडिलांच्या नावाने 'कै. अमुक स्मृती कर्करोग भवन'. तेव्हापासून डोकं फिरलंय.

अहो, विसावा? स्मशानाच्या वाटेवर तिरडी क्षणभर खाली टेकवतात त्या जागेला आपल्याकडे विसावा म्हणतात. शांतिधाम तर कित्येक गावांत स्मशानाच्या कमानीवरच लिहिलेलं असतं. ज्यांनी ही नावं सुचवली त्यांच्या मनात वाईट काही नाही, हे मला ठाऊक आहे. पण पहिल्या केमोला आलेल्या बाईने दारात काय वाचायचं?

माझी आई शिक्षिका होती. समोर येईल ती पाटी वाचायची, अगदी एसटीच्या मागचीसुद्धा. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर केमोसाठी तिला एका हॉस्पिटलात नेलं, तेव्हा मागच्या गेटवर निळ्या पाटीत लिहिलं होतं, 'कर्करोग व वेदनाशमन विभाग'. ती थांबली. केसपेपरची घडी घातली, विभागाचं नाव आत जाईल अशी, आणि मला विचारलं, "इथे आलेले घरी जातात ना गं?" दर एकवीस दिवसांनी एक, अशा सहा केमो झाल्या. सहाही वेळा तिने ती घडी त्याच जागी घातली.

म्हणून मला नावाचं इतकं लागतं. नाव काही फक्त दारावर राहत नाही. रजेच्या अर्जावर, रिक्षावाल्याला सांगताना, शेजारणीने "कुठे निघालात?" विचारल्यावर, दिवसातून दहादा ते तोंडातून काढावं लागतं. "बाबांना शांतिधाममध्ये ठेवलंय," हे वाक्य एकदा मोठ्याने म्हणून बघा.

बाहेरही हा घोळ झालाच. लंडनचं रॉयल मार्सडेन १८५१ साली सुरू झालं, पुढे शंभरेक वर्षं त्याच्या नावात 'कॅन्सर' हा शब्द होता. १९५४ साली तो काढून संस्थापक डॉक्टरांचं नाव दिलं. पण नाव बदललं तरी रोगाची सावली मागून येतेच, हेही खरं. आपल्याकडे "त्यांना टाटाला नेलंय" म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नाही. टाटा हे तर साधं आडनाव! ठीक आहे, मान्य. दहा वर्षांनी आपल्या नावाचंही तेच होईल. म्हणून पहिल्या दिवसापासूनच तिरडीचं नाव द्यायचं?

संजीवनीलाही माझा विरोध आहे. मेलेल्याला उठवते ती संजीवनी. ज्यांचा आजार बरा होणार नाही, फक्त दुखणं कमी करायचंय, तेही याच दारातून येणार. त्यांना ते नाव रोज खोटं वाटेल. कुणीतरी खाली 'योद्धा' सुचवलंय. म्हणजे जो गेला तो हरला का? माझा मामा हरला नव्हता हो. त्याचा आजार उशिरा सापडला, एवढंच.

देणगीदारांचा राग नाही. त्यांच्या पैशाशिवाय वीटही चढली नसती. त्यांच्या वडिलांचं नाव आत, भिंतीवर, मोठ्या अक्षरांत लावा. पण केमोला येणाऱ्याला दारातच 'कै.' वाचायला लावू नका.

मी 'ओसरी' सुचवलंय. केमोची बहुतेक माणसं सकाळी येतात, सलाईन लावून खुर्चीत बसतात, संध्याकाळी घरी जातात. ओसरीवर बसल्यासारखी. आणि पूर ओसरतो, ताप ओसरतो, तसा आजारही ओसरावा. बरं होण्याची हमी त्यात नाही, घरी जाण्याची वाट मात्र आहे. आईने विचारलं होतं तेच.

डॉक्टरांनी फोनवर एक अडचण सांगितली, आणि ती बरोबर आहे. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरतात. तेव्हा ताप १००.४ च्या वर गेला तर रात्री दोनलाही लगेच यावं लागतं, आणि त्या वेळी घाबरलेल्या नातेवाइकाला नुसतं 'ओसरी' वाचून काही कळणार नाही. म्हणून खाली लहान अक्षरांत 'कॅन्सर उपचार विभाग' हवंच, आणि मेन गेटच्या वॉचमनला दोन्ही नावं पाठ हवीत. बिलावर आणि सरकारी योजनेच्या कागदांवर विभागाचं नाव सरळच लिहावं लागेल. लपवाछपवी मलाही नको आहे.

आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. तिची फाइल अजून कपाटात आहे. मघाशी काढून बघितली, तर केसपेपर त्या घडीवर फाटलाय, विभागाच्या नावाच्या बरोबर खाली.

गुरुवारी साडेचारला मीटिंग आहे. तो कागद मी सोबत नेणार आहे.