लाल चौकोन पिवळा करण्याची सोपी कृती

परवा एका रिस्क पॉलिसीच्या मसुद्यात एका शब्दानं मोठी कामगिरी केली. प्रत्येक जोखमीला शक्यतेचे आणि परिणामाचे १ ते ५ गुण द्यायचे, त्यांचा गुणाकार करायचा आणि त्यावरून तक्त्यातला तिचा चौकोन हिरवा, पिवळा की लाल ते ठरवायचं, अशी ही पद्धत. मसुद्यात आधी होतं, ‘१२ पासून लाल’. बैठकीनंतर झालं, ‘१२ पेक्षा जास्त लाल’. पाच बाय पाचच्या तक्त्यात १३ आणि १४ हे गुणाकार येतच नाहीत. त्यामुळे लाल रंग थेट १५ वर जाऊन बसला आणि १२ गुणांच्या सगळ्या जोखमी शाई वाळायच्या आत पिवळ्या झाल्या. ना भिंत बांधली, ना यंत्र हलवलं. तुमच्याकडेही वार्षिक आढावा आला असेल आणि साहेबांना लाल रंग सोसत नसेल, तर ही कला आत्ताच शिकून घ्या.

सरावासाठी कोल्हापुरातली, पंचगंगेच्या पूरपट्ट्यातली एक काल्पनिक फाउंड्री घेऊ. उलाढाल ४० कोटी, एक इंडक्शन भट्टी, आणि भट्टीचं विजेचं पॅनेल तळमजल्यावर.

सुरुवात शक्यतेच्या मोजपट्टीपासून करा. १ म्हणजे दुर्मीळ, २ म्हणजे क्वचित, ३ म्हणजे कधीकधी, ४ म्हणजे बऱ्याचदा, ५ म्हणजे हमखास. एवढंच लिहा आणि थांबा. समोर टक्के लिहिलेत तर पंचाईत होईल. समजा, ‘३ म्हणजे दर वर्षी ५ ते २० टक्के’ असं लिहिलं. मग एखादा आगाऊ माणूस म्हणेल की कोल्हापुरात २००५, २०१९ आणि २०२१ ला मोठा पूर आला, तिन्ही वेळा पाणी आपल्या आवारात होतं, म्हणजे २००५ ते २०२४ या वीस वर्षांत तीनदा, म्हणजे दर वर्षी साधारण १५ टक्के, तेव्हा गुण ३ च हवेत. नुसतं ‘क्वचित’ लिहिलं की हा वाद उरत नाही. फायनान्सवाल्यांना गेल्या वर्षी पूर आला नाही हे आठवतं, मेंटेनन्सवाल्यांना पॅनेलमधला गाळ आठवतो, आणि बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचा आकडा जोखमींच्या रजिस्टरमध्ये जातो.

शक्यता किती काळातली, हेही लिहू नका. दर वर्षी १५ टक्के म्हणजे पाच वर्षांत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता ५६ टक्के होते. भट्टीचं कर्ज पाच वर्षांचं असलं तरी पुराचा विचार ३१ मार्चपर्यंतच करावा.

परिणामाच्या मोजपट्टीत पैसा, बंद पडलेले दिवस आणि माणसांची इजा असे तीन रकाने असतील तर त्यांची सरासरी काढा. ही युक्ती फार गुणकारी आहे. पावसाळ्यात उघड्यावर पडलेलं ओलं भंगार तसंच वितळलेल्या धातूत टाकलं, तर आत अडकलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, आकारमान सुमारे सोळाशे पट वाढतं आणि धातू भट्टीबाहेर उडतो. इथे पैशाला २, दिवसांना २ आणि इजेला ५ गुण, सरासरी ३. शक्यता २ धरली की गुणाकार ६, रंग हिरवा. भट्टीवर उभ्या असलेल्या माणसाचा जीव दोन कमी आकड्यांनी भागून टाकता येतो, हे एरवी कुणाच्या लक्षात आलं असतं का? (तिन्हीतला सर्वांत मोठा आकडा घ्यायचा असतो. पण तो घेतला तर १० येतात आणि भंगारावर शेड घालावी लागते.)

आता गुणाकार. त्यावर शंका घेऊ नका, कारण दोन आकडे गुणले की गणित झाल्यासारखं वाटतं. आपल्या फाउंड्रीत १२ गुणांच्या दोन जोखमी आहेत. एक पूर, शक्यता ३, परिणाम ४, कारण पॅनेल बुडून सहा आठवडे काम थांबलं तर चार कोटींचं नुकसान. दुसरी वाळूचा पुरवठा अडण्याची, शक्यता ४, परिणाम ३. ती दर वर्षी ३० टक्के आणि नुकसान बारा लाख. दोन्ही १२, दोन्ही एकाच रंगाच्या, दोन्हींना रजिस्टरमध्ये तेवढीच ओळ. आता हेच रुपयांत मांडा. चार कोटींचे १५ टक्के म्हणजे वर्षाला ६० लाख. बारा लाखांचे ३० टक्के म्हणजे ३ लाख ६० हजार. सोळा पटींपेक्षा जास्त फरक, आणि तक्ता म्हणतो सारखंच! कारण ते १, २, ३ हे आकडे नाहीतच, त्या पायऱ्या आहेत. परिणामाच्या ३ मध्ये दहा लाखही बसतात आणि एक कोटीही बसतं. अशा पायऱ्यांचा गुणाकार म्हणजे पहिल्या आलेल्याला तिसऱ्या आलेल्यानं गुणण्यासारखं आहे. जोखमीचे अभ्यासक टोनी कॉक्स यांनी २००८ साली शोधनिबंध लिहून जोखमीच्या तक्त्यांचे हे दोष दाखवले, तरी अजून एकेका ओळीला ‘१२.५’ असे दशांश लावणारे महाभाग आहेत. दशांश! कशाचा दशांश काढता, ‘कधीकधी’चा?

कंट्रोल, म्हणजे जोखीम आवरायचे उपाय, यांचे गुण ते तपासण्याआधीच वजा करा.

पुरासाठी पाण्याचा पंप आहे, म्हणून शक्यता ३ वरून २ आणि परिणाम ४ वरून ३, एकूण १२ चे ६. पंपानं नदीला पूर यायचा थांबत नाही, तेव्हा शक्यता कमी कशी झाली हे विचारू नये. आणि पंपाची वायर त्याच तळमजल्यावरच्या पॅनेलमधून येते, हे तर मुळीच बोलू नये.

रिस्क अ‍ॅपेटाइट म्हणजे कंपनीला किती जोखीम घ्यायची भूक आहे ते, मात्र सगळे गुण देऊन झाल्यावरच ठरवा. आधी रजिस्टर पाहा, सर्वांत मोठा आकडा शोधा आणि रेघ त्याच्या जरा वर मारा. वाक्य असं लिहा: ‘कंपनी जोखमीबाबत संतुलित दृष्टिकोन बाळगते.’ हे वाक्य पतपेढीलाही चालतं आणि मंगल कार्यालयालाही.

पण आता पुरे झालं. त्या एका शब्दानं काय केलं ते नीट बघा. रेघ गुणांवर मारायचीच नसते, ती कंपनीला काय झेपतं यावर मारायची असते, आणि तीही कुणी गुण देण्याआधी. या फाउंड्रीकडे अडीअडचणीला दोन कोटी हाताशी आहेत. मग एका घटनेत दोन कोटींपेक्षा जास्त जाऊ शकत असतील तर गुण १२ असोत की ४, ती जोखीम संचालक मंडळापुढे गेलीच पाहिजे. परिणाम ५ असेल तर शक्यता १ असली तरी तो चौकोन हिरवा रंगवायचा नाही, कारण १ गुणिले ५ म्हणजे ५ आणि त्या ५ मध्ये माणूस मेलेला असतो. माल खराब होण्याची मर्यादा वेगळी ठेवा, काम थांबण्याची वेगळी. जिवाच्या बाबतीत भूक नसतेच, तिथे ‘संतुलित’ हा शब्द लिहायची लाज वाटली पाहिजे. आणि १२ पासून की १२ च्या पुढे, हा वाद घालायला तुम्हाला पाऊण तास मिळाला, पण तळमजल्यावर जाऊन पंपाची वायर कुठून येते हे बघायला पाच मिनिटं मिळाली नाहीत.

पॅनेल वरच्या मजल्यावर न्या. न्यायचं नसेल तर लिहून द्या, की चार कोटींची ही जोखीम आम्ही जाणूनबुजून सोसत आहोत, हाताशी असलेल्या दोन कोटींवरचे उरलेले दोन कोटी अमुक ठिकाणाहून येतील, आणि खाली सगळ्या संचालकांच्या सह्या घ्या.