माघात उपास, वैशाखात बोहला

वैशाखात लग्न आहे, वजन 96 किलो आहे आणि सूट शिवायला टाकण्याआधी हाताशी दहा आठवडे आहेत. घाई कराच. आठवड्याला अर्धा-एक किलो उतरवणं हा नेमस्तांचा धंदा. तुम्ही थेट 74 वर या. म्हणजे आठवड्याला दोन किलोंच्या वर. दीड किलोच्या पुढे गेलं की डॉक्टर कपाळाला आठ्या घालतात, पण सासरच्यांपुढे उभं राहायचंय तुम्हाला, डॉक्टरांना नाही.

सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी, रात्री डब्यातली पावडर. पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चार फेऱ्या. आईला बजावून ठेवा, फोडणीत तेलाचा थेंब दिसता कामा नये. ती म्हणेल, "अरे, दोन घास खाऊन जा की, काय करून घेतलायस हे!" ऐकू नका.

आता आतली गंमत. यकृताखाली उजवीकडे पित्ताशय नावाची छोटी पिशवी असते. यकृतात तयार झालेलं पित्त तिच्यात साठतं. जेवणातलं तेल-तूप आतड्यात उतरलं की तिला निरोप जातो, ती आकसते आणि रिकामी होते. तुम्ही तेल-तूपच बंद केलंत, तर निरोप कोण धाडणार? पिशवी भरलेली ती भरलेलीच. तिकडे अंगातली चरबी झपाट्याने वितळतेय, म्हणून यकृत पित्तात नेहमीपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल सोडतंय. दाट झालेलं पित्त हललंच नाही की आधी गाळ धरतो, मग कण, मग खडे. न ढवळता ठेवलेल्या चुन्याच्या पाण्यासारखं.

हे टाळायला रोज निदान एका जेवणात दहाएक ग्रॅम स्निग्ध पदार्थ पुरतात असं सांगतात, म्हणजे चहाच्या चमच्याने दोन चमचे तेल. पण दोन चमच्यांसाठी व्रत मोडायचं? वजन फार वेगाने उतरत असलं, तर डॉक्टर तेवढ्या काळापुरतं अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड देऊ शकतात. तेही नको, कारण मग डॉक्टरांना सगळं खरं सांगावं लागेल.

केसांचं वेळापत्रक मात्र वाखाणण्याजोगं. उपासमार सुरू झाली की पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. माघात सुरुवात केलीत ना? बरोबर हळदीच्या सुमाराला कंगवा भरेल. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसेल. तो पाहून घाबरा आणि लगेच गणपत गल्लीत जाऊन महागडं तेल आणा. मूळ शाबूत असतं, प्रथिनं आणि लोह पोटात जायला लागलं की काही महिन्यांत केस परत येतात. पण तोवर तेलवाल्यानं जगायचं कसं?

कातडीचा दोष एकट्या घाईवर टाकता येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. वर्षानुवर्षं ताणलेली कातडी किती आवळेल, हे वय, किती किलो गेले आणि बिडी-सिगारेट यांवरही ठरतं. घाईची भर अशी की प्रथिनांवाचून चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि दंडाखालची झोळी अधिकच लोंबते. त्यावर मलमं चोळत बसा, निदान हात गुंतून राहतात.

मग लग्नाची पंगत. साजूक तुपातले मांडे, वर कुंदा. दहा आठवड्यांनी पिशवीला पहिल्यांदाच दणदणीत निरोप जातो आणि ती जीव खाऊन आकसते. एखादा खडा तोंडाशी येऊन अडकतो. मध्यरात्री उजव्या फासळ्यांखाली दुखायला लागतं, कळ पाठीत आणि उजव्या खांद्याकडे जाते. कूस बदला, उठून बसा, उतार नाही. उलटी होते.

अशा वेळी मामाचं ऐका. "गॅस धरलाय रे, सोडा घे." दोन-तीन तासांनी खडा मागे सरकतो, कळ थांबते आणि श्रेय सोड्याला जातं. पुढच्या तेलकट जेवणानंतर पुन्हा तेच, पुन्हा सोडा. असं महिनोन्महिने निभावता येतं. फक्त थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा कळ थांबेचना, तर मामाला झोपू द्या आणि त्याच रात्री दवाखाना गाठा. खडा पित्ताच्या नळीत उतरला असला तर सकाळपर्यंत थांबण्यात शहाणपण नाही.

एरवी सावकाश सोनोग्राफी करा. भरलेली पिशवी नीट दिसावी म्हणून त्याआधी सहा-आठ तास काही खायचं नसतं. बाकीचे पेशंट बाकावर बसून चहासाठी तळमळत असतात. तुमच्याइतका तयारीचा माणूस त्या रांगेत दुसरा नसेल.