सरासरी १५ टक्के, आणि तीन वर्षांनी पैसे जागच्या जागी

«सरासरी म्हणजे सगळे आकडे मिळवायचे आणि जितके आकडे तितक्याने भागायचं. बाजाराचा वार्षिक परतावा असो नाहीतर गाडीचा वेग, नियम एकच. भूमितीय मध्य, हरात्मक मध्य हे परीक्षेत मार्क मिळवण्यापुरतं, व्यवहारात कोणी वापरत नाही. आणि फरक पडलाच तर पॉइंटनंतरच्या आकड्यात पडतो.»

असं म्हणणारे बरेच भेटतात, आणि ते चुकतात. आधी बाजाराचा परतावा घेऊ, कारण त्यात लोकांचे खरे पैसे अडकलेले असतात. २००७ संपताना सेन्सेक्स २०,२८७ वर होता. २००८च्या पडझडीत तो ९,६४७ वर आला, २००९ संपताना १७,४६५ वर गेला आणि २०१० संपताना २०,५०९ वर. टक्क्यांत सांगायचं तर पहिल्या वर्षी ५२.४ टक्के घट, मग ८१ टक्के वाढ, मग १७.४ टक्के वाढ. हे तीन आकडे मिळवून तीनने भागले की वर्षाला १५.३ टक्के येतात. एवढ्या दराने एक लाखाचे तीन वर्षांत एक लाख त्रेपन्न हजार व्हायला हवे होते. निर्देशांकाप्रमाणे प्रत्यक्षात झाले एक लाख एक हजार शंभराच्या आसपास. (लाभांश यात धरलेला नाही. पण दोन्ही हिशेबांत आकडे तेच आहेत, त्यामुळे तुलनेला बाध येत नाही.)

हे बावन्न हजार गेले कुठे? कुठेच नाही, ते कधी नव्हतेच. ५२ टक्के घट झाली ती २०,२८७ वर, आणि ८१ टक्के वाढ झाली ती उरलेल्या ९,६४७ वर. पाया बदलला की टक्क्यांची बेरीज करता येत नाही, कारण वाढ ही गुणाकाराने पुढे सरकते. म्हणून टक्के बाजूला ठेवायचे आणि दर वर्षी एका रुपयाचे किती झाले ते लिहायचं: ०.४७५५, १.८१०३, १.१७४३. यांचा गुणाकार साधारण १.०११ येतो. वर्षं तीन, म्हणून घनमूळ काढायचं, ते १.००३६. म्हणजे वर्षाला जेमतेम ०.३६ टक्के. हाच भूमितीय मध्य. तिन्ही वर्षांच्या जागी हा एकच आकडा ठेवून गुणाकार केला तर शेवटची रक्कम तीच येते. सरासरी बरोबर आहे की नाही हे ओळखायची माझी कसोटी एवढीच: मूळ आकड्यांच्या जागी ती ठेवा आणि शेवटचा हिशेब जुळतो का बघा.

स्प्रेडशीटमध्ये हे एका ओळीचं काम आहे:

```
=GEOMEAN(0.4755,1.8103,1.1743)-1
```

इथे बरेच जण थेट टक्के भरतात आणि उणे आकडा आला की `#NUM!` अशी चूक दिसते. भरायचे ते गुणक, म्हणजे एका रुपयाचे किती झाले ते आकडे, टक्के नव्हेत.

आता वेग. ही चूक मी घरातच पाहिली आहे. भाच्याबरोबर घाटरस्त्याने चाललो होतो. चढ दहा किलोमीटरचा, पुढे ट्रकची रांग, वर पोहोचेपर्यंत वीस मिनिटं गेली, म्हणजे वेग ताशी ३०. पलीकडचा उतारही दहा किलोमीटरचा. भाचा म्हणाला, «मामा, उतरताना ९० ने गेलो की सरासरी ६० पडेल.» मी त्याला म्हटलं, «अरे, वीस किलोमीटर ताशी ६० ने जायला किती वेळ लागतो?» त्याने बोटावर मोजलं आणि गप्प झाला. वीसच मिनिटं लागतात, आणि ती सगळी चढावरच खर्च झाली होती. उतार क्षणात पार केला असता तरच सरासरी ६० झाली असती. ९० ने उतरलो असतो तरी सरासरी ४५ च. आणि अशा वळणावळणाच्या उतारावर ९० ने कोणी जाऊच नये.

कारण सरळ आहे. हळू चालवलेल्या टप्प्यात गाडी जास्त वेळ असते, त्यामुळे त्या वेगाचं वजन सरासरीत जास्त पडतं. अंतर सारखं असेल तर वेगांच्या उलट्यांची सरासरी काढून ती पुन्हा उलटी करायची: १/३० आणि १/९० यांची सरासरी २/९०, ती उलटी केली की ४५. हा हरात्मक मध्य. कसोटी इथेही तीच, फक्त या वेळी लागणारा एकूण वेळ जुळला पाहिजे.

मात्र अंतराऐवजी वेळ सारखा असेल, म्हणजे एक तास ३० ने आणि एक तास ९० ने गाडी चालवली असेल, तर साधी सरासरी ६० च बरोबर आहे. म्हणून आकडे हातात आल्यावर आधी विचारायचं की दोन्ही टप्प्यांत काय सारखं आहे, अंतर की वेळ. आणि टप्पे असमान असतील तर कोणताच तयार मध्य चालत नाही. १०० किलोमीटर महामार्गावर ८० ने आणि शहरातले २० किलोमीटर २० ने गेलो, तर लागले सव्वादोन तास आणि सरासरी पडली ५३. साधी सरासरी ५० सांगते, `=HARMEAN(80,20)` तर ३२ सांगतं. दोन्ही चूक. अशा वेळी एकूण अंतराला एकूण वेळेने भागायचं.

वापराचं म्हणाल, तर म्युच्युअल फंडाच्या माहितीपत्रकात एक वर्षाहून जास्त मुदतीपुढे «सीएजीआर» म्हणून जो आकडा छापतात, तो वार्षिक गुणकांचा भूमितीय मध्यच असतो. आणि दर महिन्याला ठरावीक रकमेची एसआयपी करणाऱ्याला युनिट सरासरी ज्या भावाने पडतं, तो भावांचा हरात्मक मध्य. पाच हजार रुपये ५० च्या भावाने घातले, पुढच्या महिन्यात पाच हजार ४० च्या भावाने: १०० आणि १२५ मिळून २२५ युनिटं. एक युनिट पडलं ४४ रुपये ४४ पैशांना, ४५ ला नव्हे. पण त्याच एसआयपीचा परतावा काढायला भूमितीय मध्य वापरू नका. मधेमधे पैसे आत येत असतील किंवा बाहेर जात असतील तर प्रत्येक रकमेची तारीख धरावी लागते, त्यासाठी `XIRR` आहे.

उरला फरकाच्या आकाराचा मुद्दा, आणि त्यात अर्धं तथ्य आहे हे मान्य करतो. सलग तीन वर्षं १०, १२ आणि १४ टक्के वाढ झाली तर साधी सरासरी १२ आणि भूमितीय ११.९९. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. पण फरक चढउताराच्या वर्गाबरोबर वाढतो. ढोबळ नियम असा की प्रमाण विचलनाचा, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पडतात त्या मापाचा, वर्ग करून निम्मा केला की दोन सरासऱ्यांमधला फरक मिळतो. विचलन ५ टक्के असेल तर फरक टक्क्याचा आठवा हिस्सा, २० टक्के असेल तर पूर्ण दोन टक्के. २००८ सारखं वर्ष मधे आलं की हा ढोबळ नियमही भरवशाचा राहत नाही आणि गुणक मांडून गुणाकारच करावा लागतो.